गाडीत न चढलेली माणसं

पत्र

नमस्कार. मी कळंब तालुक्यात शाळेत शिकवते आणि अधूनमधून कथा लिहिते. लातूर–बीड गाडीवरच्या एका कंडक्टरची कथा मी दिवाळी अंकासाठी पाठवली होती. उन्हाळ्यात प्रवासी तहानलेले दिसतात म्हणून तो गाडीत पाण्याच्या बाटल्या विकायला लागतो, धंदा वाढतो, शेवटी तो दोन ट्रॅव्हल्सचा मालक होतो. संपादकांनी कथा परत पाठवली. सोबत एकच ओळ होती: "कंडक्टर पटत नाही आणि धंदा तर मुळीच पटत नाही." धंद्यातलं मला काही कळत नाही. कंडक्टरला प्रवाशांची अशी कोणती गरज दिसेल, जी दुसऱ्या कुणाला दिसली नसती? आणि त्यातून धंदा कसा उभा राहिला, हे कथा कोरडी न करता कसं लिहू?

— एक वाचक, कळंब

उत्तर

ताई, तहान सगळ्यांनाच दिसते, तिथंच अडचण आहे. केजच्या स्टँडवर गाडी लागली की बाटल्या, शेंगदाणे, काकड्या घेऊन पोरं खिडकीशी येतात. त्यांना जे दिसतं तेच तुमच्या कंडक्टरला दिसत असेल, तर कथेला कंडक्टर लागतच नाही. त्यात त्याच्या एका हातात तिकिटाचं मशीन, खांद्याला पैशाची बॅग आणि गर्दीत उभं राहायला जागा नाही. तो बाटल्या विकणार कधी? संपादकांना हेच खटकलं असावं.

मी एसटीच्या वाहतूक शाखेत नोकरी केली आहे, म्हणून तुमचा प्रश्न जरा उलटा धरतो. कंडक्टरकडे असं काय असतं, जे गाडीतल्या बाकी कुणाकडे नसतं? प्रवासी रोज आपल्या ठरलेल्या वेळेच्या गाडीनं जातो. फेरीवाला आपल्या स्टँडवरच असतो. कंडक्टर मात्र ड्युटी बदलते तसा त्याच रस्त्यावरून वेगवेगळ्या वेळी जातो. या आठवड्यात दुपारची गाडी, पुढच्या आठवड्यात संध्याकाळची, मधेच एखादी मुक्कामी. तेच थांबे, तेच फाटे, पण गाडीतली माणसं वेगळी. एका वेळची गाडी दुसऱ्या वेळच्या गाडीशी ताडून पाहण्याची सोय फक्त त्यालाच आहे. तुमची कथा इथून सुरू व्हायला हवी.

लातूरहून अंबाजोगाई, केजवरून बीडला जाणाऱ्या दोन गाड्या कल्पनेनं घ्या. एक साडेचारची, एक सहाची. साडेचारच्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते. सहाची अंबाजोगाईच्या पुढं निम्मी रिकामी धावते. एसटीच्या भाषेत, पहिलीचं भारमान भरपूर आणि दुसरीचं पडलेलं. आगारात याचा सरळ अर्थ लावतील की सहाच्या गाडीला प्रवासी नाही. तुमच्या कंडक्टरनं दोन्ही गाड्या केल्यात, त्यामुळे त्याला यात एक विसंगती दिसते. लातूरच्या शिकवण्या साडेचारला सुटत नाहीत. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात सकाळी दाखवलेल्या पेशंटचे रिपोर्ट हातात यायला संध्याकाळ होते. दुकानात कामाला असलेल्या बायकांची सुट्टी सहाच्या आत होत नाही. म्हणजे जी गाडी या सगळ्यांच्या सोयीची, तीच रिकामी जाते, आणि जी अडचणीची, तिच्यात ते कोंबून बसतात. पोरं तास बुडवून येतात, बायका मालकाची बोलणी खाऊन लवकर निघतात, पेशंट रिपोर्ट न घेताच परततो आणि दोन दिवसांनी पुन्हा खेप घालतो.

याचं कारण त्याला गाडीत सापडत नाही, कारण ती माणसं सहाच्या गाडीत चढतच नाहीत. ते सापडतं अंबाजोगाईच्या स्टँडवर, गाडीच्या दाराशी. कथेतला पहिला प्रसंग इथं घ्या. एक बाई, हातात एक्स-रेचं मोठं पाकीट, सोबत सासू. चढण्याआधी ती विचारते, "मामा, फाट्यावर उतरल्यावर गावात जायला काई मिळंल का आता?" तो म्हणतो, "रात्री आठ वाजता काय मिळणार, बाई?" ती सासूकडं बघते आणि दोघी मागं फिरतात. रात्र दवाखान्याच्या व्हरांड्यात काढायची आणि सकाळच्या गाडीनं जायचं. घंटी वाजते, गाडी सुटते. हा प्रश्न त्यानं आधीही ऐकलेला असणार. त्या दिवशी फरक एवढाच की समोरचं माणूस तिकीट न काढता परत जाताना त्यानं पाहिलं.

हा प्रसंग मोठा करू नका. त्यानंतर त्याला काही साक्षात्कार व्हायला नको. दुसऱ्या दिवशी त्यानं फक्त मोजायला सुरुवात करावी.

कथेचं वर्षही ठरवून घ्या, कारण या गरजेला एक अलीकडचं कारण आहे. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्या माणसांना एसटीचा प्रवास फुकट झाला आणि १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट लागू झालं. गाडीत बायका आणि म्हातारी माणसं वाढली. ज्यांना भाड्याची अडचण होती त्यांची ती बरीच मिटली. उरली ती डांबरी रस्त्यापासून गावापर्यंतच्या पाच किलोमीटरची. अंधारात त्या पाच किलोमीटरला घाबरणारी माणसं नेमकी हीच. तुमची कथा २०२३ च्या पावसाळ्यानंतर घडली तर हे कारण आपोआप कथेत येतं, समजावून सांगावं लागत नाही. कंडक्टरनं शून्य रुपयाचं तिकीट फाडून एखाद्या आजीच्या हातात द्यावं आणि आजीनं फाट्याबद्दल विचारावं, एवढं पुरे.

आता मोजणी. नवखा लेखक इथं लिहील की त्यानं मशीनमध्ये पाहिलं, फाट्यावर रोज आठ माणसं उतरतात, म्हणजे आठ गिऱ्हाइकं. तसं होत नाही. एसटीचं भाडं टप्प्यावर चालतं आणि टप्पा सहा किलोमीटरचा. एका टप्प्यात दोन-दोन फाटे येऊ शकतात. त्यामुळे मशीनमधला आकडा आणि त्या एका फाट्यावर खरोखर उतरणारी माणसं यांचा मेळ बसेलच असं नाही. त्याला दारात उभं राहून डोळ्यांनी मोजावं लागेल. आणि नुसती डोकी मोजूनही भागणार नाही, कारण उतरलेल्या आठांपैकी तिघांना न्यायला घरून मोटारसायकल आलेली असते. दोन तरुण पोरं मोबाइलची बॅटरी लावून चालायला लागतात, ती पैसे देणार नाहीत. उरली तीन. फाट्यावर उतरून इकडंतिकडं बघणारी ही तीन माणसं खरी गिऱ्हाइकं. शिवाय जी गाडीत चढलीच नाहीत ती, आणि त्यांचा आकडा त्याच्याकडे नाही. तो आकडा मिळवायची एकच जागा आहे, ती म्हणजे साडेचारची गाडी. त्या गाडीत त्याच फाट्याचं तिकीट काढणाऱ्या बायकांना त्यानं सहज विचारावं, "सहाच्या गाडीला फाट्यावर वाहन उभं असलं तर तुम्ही सहाच्या गाडीनं याल का?" काही हो म्हणतील. मग त्यानं पुढचा प्रश्न विचारावा, "महिन्याचे पैसे आधी द्याल का?" इथं बऱ्याच जणी गप्प होतील. ही गप्प बसण्याची जागा कथेत मोलाची आहे. नुसत्या होकारावर धंदा उभा केलेले लोक इथंच बुडतात.

यानंतर तुमच्या कंडक्टरला पहिला मोह होईल तो गाडी घेण्याचा. जुनी जीप तीन-साडेतीन लाखांना, त्यातले तीन लाख कर्जानं काढले तर चार वर्षांसाठी महिन्याचा हप्ता साडेसात-आठ हजारांच्या घरात. समोर हिशोब मांडा: तीन माणसं, माणशी तीस रुपये, महिन्याचे सव्वीस दिवस. हाती येतात दोन हजार तीनशे चाळीस. हप्त्याचा तिसरा हिस्साही निघत नाही, आणि डिझेल, चालक, विमा, परवाना, फिटनेस अजून धरलेलंच नाही. हे आकडे त्याच्या तोंडी घालू नका. त्याच्या बायकोला पोराच्या वहीच्या मागच्या पानावर हे मांडू दे आणि वही त्याच्यासमोर सरकवू दे. जीप घेण्याचा विषय तिथंच संपेल.

आता वळण. हे वळण मी तुम्हाला आग्रहानं सुचवतो, कारण त्यात धंद्याचंही मर्म आहे आणि कथेतला ताणही. कंडक्टरची बायको त्या फाट्यावरच्या गावची लेक आहे असं धरा. तिचा चुलत भाऊ काळी-पिवळी चालवतो. दिवसभर केज-अंबाजोगाई रस्त्यावर माणसं भरतो आणि सात-साडेसातला रिकामी जीप घेऊन गावाकडं परततो. त्या पाच किलोमीटरचं डिझेल तो रोज जाळतोच. नवी गाडी घ्यायची गरजच नाही. रोज रिकामी जाणारी गाडी अर्धा-पाऊण तास उशिरा जायला हवी, एवढंच.

पण काळी-पिवळी आणि एसटी यांचं मराठवाड्यात काय नातं आहे, हे तुम्हाला सांगायला नको. स्टँडच्या बाहेर जीप लावून "चला केज, चला केज" ओरडणारा माणूस म्हणजे एसटीचा प्रवासी पळवणारा. कंडक्टर आणि तो चुलत मेहुणा आजवर एकमेकांना रस्त्यात टाळत आले असतील, लग्नकार्यात वेगवेगळ्या पंगतीला बसत असतील. आता एसटीच्या कंडक्टरला त्याच माणसाकडं जाऊन म्हणायचं आहे की दिवसा तू माझा प्रवासी पळवतोस, रात्री माझा प्रवासी घरी पोचव. हा प्रसंग शेतात किंवा चहाच्या टपरीवर घडवा आणि बोलणी बायकोला करू द्या. नवऱ्याला जे बोलता येत नाही ते बहीण म्हणून ती बोलू शकते.

मेहुणा विचारेल, "गाडी लेट झाली तर मी किती वेळ थांबू?" तुमच्या कथेतला धंदा या प्रश्नात आहे. सहाची गाडी फाट्यावर आठला यायची. बदली चालक वेळेवर मिळाला नाही, लातुरात टायर पंक्चर झाला, अंबाजोगाईत गर्दी झाली, की साडेआठ-पावणेनऊ होतात. गाडी वेळेवर आली तर वाहन कसंही मिळेल. ती उशिरा येते तेव्हाच बाईला वाहन हवं असतं, आणि नेमक्या त्याच वेळी कुणी थांबत नाही. म्हणून प्रवासी जे तीस रुपये देणार आहे ते पाच किलोमीटरचे कमी आणि थांबण्याचे जास्त. मेहुण्याला माणशी पैसे दिले तर ज्या दिवशी दोनच माणसं असतील त्या दिवशी तो आठ वाजून पाच मिनिटांनी निघून जाईल. त्याला रात्रीचे ठरलेले शंभर रुपये द्यायचे, माणूस येवो न येवो. तेवढ्यासाठी तो थांबेल.

शंभर गुणिले सव्वीस, म्हणजे महिन्याला दोन हजार सहाशे. हा खर्च आधी भागला पाहिजे, आणि तो सुट्या प्रवाशांवर भागवता येत नाही, कारण सुटा प्रवासी आज असतो, उद्या नसतो. तो महिन्याच्या लोकांवर भागवायचा. महिन्याचे सहाशे रुपये, आधी. अशी चार माणसं मिळाली तर दोन हजार चारशे होतात, दोनशे कमी पडतात. पाच मिळाली तर तीन हजार, आणि थांबण्याचा खर्च निघून वर चारशे उरतात. म्हणजे तुमच्या कथेत पाचव्या माणसाला महत्त्व आहे. चार कोण, ते तुम्हीच ठरवा: अंबाजोगाईत कपड्याच्या दुकानात काम करणारी, दवाखान्यात आया म्हणून असलेली, लातूरला रोज ये-जा करणारा एखादा मुलगा, बँकेतला शिपाई. पाचवा मिळत नाही. तो मिळेपर्यंत बायको आपल्या शिवणकामातले दोनशे घालते, आणि नवऱ्याला सांगत नाही.

एकदा पाच झाले की सुटे प्रवासी म्हणजे फायदा. सरासरीनं रोज दोन धरा, तीस रुपयांनी महिन्याचे पंधराशे साठ. वरचे चारशे मिळवले तर एकोणीसशे साठ. फोनचं रिचार्ज आणि किरकोळ वजा जाता हातात सतराशेच्या आसपास. एवढाच. तुम्ही कथेत दोन ट्रॅव्हल्स घेतल्या होत्या, मी तुम्हाला सतराशे रुपये देतो आहे, पण ते वाचकाला पटतील. पुढं वाढवायचंच असेल तर त्याच गाडीवरचा पुढचा एखादा फाटा घ्या, तिथल्याच कुणाची तरी रिकामी परतणारी जीप शोधा. वाढ अशीच होते, एका वेळी एक फाटा.

आता फोनचं. तुमच्या मनात येईल की कंडक्टर गाडीतून मेहुण्याला फोन करेल, "आज पाच आहेत, गाडी अर्धा तास लेट आहे." पहिले काही दिवस तो तसं करेलही. पण त्याची ड्युटी बदलेल, साप्ताहिक सुट्टी येईल, तो रजेवर जाईल, आणि त्या दिवशी जीप थांबणार नाही. जोवर हे त्याच्या फोनवर चालतं तोवर तो उपकार आहे. धंदा तेव्हा होतो जेव्हा त्याची गरज लागत नाही. म्हणून अंबाजोगाईच्या स्टँडवर गाडीत बसल्यावर प्रवाशानं बायकोच्या नंबरावर मिस्ड कॉल द्यायचा. बायकोजवळ नावं येतात, ती भावाला आकडा कळवते. गाडी लेट असली तर कुणीतरी आतूनच सांगतं. रात्री फोन बाई उचलते, जीपवाला गावचाच आहे आणि जीपचा नंबर घरच्यांना माहीत आहे, म्हणून घरचे सुनेला सहाच्या गाडीनं येऊ देतात. हा विश्वास तुमच्या कंडक्टरच्या चांगुलपणातून आलेला नाही. तो त्याच्या बायकोच्या माहेरच्या नात्यातून आला आहे. कथेत हे स्पष्ट होऊ द्या, कारण धंदा तिचा आहे.

आणि तो तिचाच असावा लागेल. एसटीच्या कर्मचाऱ्याला परवानगीशिवाय खासगी धंदा करता येत नाही. पण नियम सांगून तो कथेत येणार नाही, तो प्रसंगातून यायला हवा. एसटीच्या कामाची जी बाजू बाहेरच्यांना क्वचितच ठाऊक असते, ती इथं उपयोगी पडेल. कंडक्टर ड्युटीवर निघताना स्वतःच्या खिशातली रोकड नोंदवून निघतो. वाटेत तपासणी पथकानं गाडी थांबवली की ते वेबिल, म्हणजे फेरीच्या हिशोबाचा कागद बघतात, विकलेली तिकिटं बघतात, प्रवासी मोजतात आणि बॅगेतली रोकड मोजतात. तिकिटांचे पैसे आणि नोंदवलेली रोकड मिळून जेवढी व्हायला हवी त्यापेक्षा जास्त पैसे निघाले, तरी खुलासा द्यावा लागतो. जास्त पैशाचा पहिला अर्थ हाच निघतो की कुणाकडून तरी पैसे घेतले आणि तिकीट दिलं नाही.

आता समजा, ती आयाबाई महिन्याचे सहाशे रुपये गाडीतच त्याच्या हातात देते. "वहिनीला द्या," म्हणते. गर्दीत तो ते घेतो, बॅगेत टाकतो. पुढं लोखंडी सावरगावजवळ पथक उभं. मोजणीत सहाशे जास्त. तो काय सांगणार? खरं सांगावं तर ड्युटीवर धंद्याचे पैसे घेतले, आणि गप्प बसावं तर तिकिटाचे पैसे खाल्ले. दोन्हीकडून आरोपपत्र. आयाबाई पुढं येऊन म्हणते, "सायब, ते माझे पैसे हायती." तिनं तोंड उघडलं म्हणून तो अपहाराच्या संशयातून सुटतो आणि दुसऱ्या चौकशीत अडकतो. तुमच्या कथेचा मध्य हाच असावा असं मला वाटतं. इथं कुणी खलनायक नाही. पथकातला माणूस आपलं काम करतो आहे, बाईनं विश्वासानं पैसे दिले आहेत, आणि कंडक्टरनं घाईत हात पुढं केला आहे.

आगारात त्याची बाजू घ्यायला एकच गोष्ट आहे, आणि ती त्यानं स्वतः मांडू नये. सहाच्या गाडीचं भारमान वाढलं आहे. जे प्रवासी साडेचारच्या गाडीत उभे राहत होते त्यातले काही सहाला बसून जाऊ लागले आहेत, आणि जे प्रवासच टाळत होते ते नवीन आले आहेत. जीप एसटीच्या रस्त्यावर चालत नाही, जिथं एसटी जातच नाही तिथं चालते. आगार व्यवस्थापकाला हे कागदावर दिसेल. तरी तो त्याला पूर्ण माफ करेल असं दाखवू नका. ताकीद, खुलासा आणि ड्युटी बदल, एवढं नक्की होईल. त्यानंतर पैशाला कंडक्टरचा हात लागणार नाही: बायको महिन्याच्या एक तारखेला गावात जाऊन घेईल, नाहीतर फोनवर येतील.

बिघडतं कुठं, तेही एक-दोन जागी येऊ द्या. मे महिन्यात कॉलेजचा मुलगा गळतो, पाचाचे चार होतात आणि हिशोब पुन्हा दोनशेनं तुटतो. आयाबाईला पंधरा दिवस रात्रपाळी लागते, ती म्हणते अर्धेच घ्या. बायकोला नाही म्हणावं लागतं, कारण जीप त्या पंधरा दिवसांतही थांबलेली असते. हे नाही म्हणणं तिला जड जातं, ते तसंच लिहा. आणि एक दिवस गाडीच रद्द होते. कुणाचा मिस्ड कॉल येत नाही, मेहुणा नऊपर्यंत अंधारात उभा राहतो आणि शंभर रुपये मागतो. द्यावेच लागतात.

याच्या मागं एक मोठा धोका आहे, तो कंडक्टरला ठाऊक असणार. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीला सुरू झालेला एसटीचा संप एप्रिल २०२२ पर्यंत लांबला होता. त्या महिन्यांत कर्मचाऱ्यांच्या घरी पगार नव्हता. लोक जोडधंदा करतात तो एक आवक थांबली तर दुसरी असावी म्हणून. याचा धंदा मात्र त्याच्याच गाडीवर टांगलेला आहे. गाडी थांबली की पगार आणि फाटा दोन्ही एकाच दिवशी बंद. त्याच्या बायकोनं शिवणयंत्र विकू नये, हे मी याच कारणानं सुचवेन. नवऱ्याला वाटतं आता शिलाईची गरज नाही, तिला संप आठवतो. दोघांतलं हे एक बोलणं कथेत ठेवलंत तर २०२२ चा उल्लेख वेगळा करावा लागणार नाही.

हिशोबानं कथा कोरडी होते ही तुमची भीती मला समजते. आकडे कथाकारानं सांगितले की कोरडे होतात. पात्र आकड्यावरून भांडतं, आकडा लपवतं, आकड्यापायी नाही म्हणतं, तेव्हा ते कोरडे राहत नाहीत. वर मी जेवढे आकडे दिले त्यातले चार-पाचच कथेत येऊ द्या: रात्रीचे शंभर, महिन्याचे सहाशे, कमी पडलेले दोनशे, तपासणीत जास्त निघालेले सहाशे. सतराशेचा आकडा वाचकालाच काढू दे.

शेवट कुठं करायचा? ड्युटी बदलीनंतर तुमचा कंडक्टर दुसऱ्या रस्त्यावर गेला आहे आणि सहाच्या गाडीवर नवा माणूस आला आहे. दाराशी कुणीतरी फाट्याबद्दल विचारतं, नव्याला माहीत नाही, आणि आत बसलेली एखादी बाई नंबर सांगते. मी इथं थांबलो असतो. तुम्हाला आणखी पुढं जायचं असेल तर जा, पण नवरा-बायकोला नव्या जीपमध्ये बसवू नका.

नव्यानं लिहून झाल्यावर संपादकांकडं पाठवण्याआधी तुमच्या कळंब आगारातल्या एखाद्या कंडक्टरला तपासणीचा प्रसंग वाचून दाखवा. बोलीत आणि कार्यपद्धतीत तो ज्या दुरुस्त्या सांगेल त्या करा. त्याला एवढंही विचारा, की तुझ्या रस्त्यावर कोणत्या फाट्याला बायका संध्याकाळच्या गाडीत चढत नाहीत. तो फाटा कथेत घ्या, माझा सोडून द्या.